बोअरच्या मोटरचा व्हिडिओ: अर्ध्या मिनिटात निम्म्याहून जास्त लोक पसार. शीर्षक चुकलं की सुरुवात?

रिवाइंडिंगवाला

मंडळी, माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, तालुक्याच्या गावी. तीन वर्षांपासून यूट्यूबवर दुरुस्तीचे व्हिडिओ टाकतो. गेल्या महिन्यात एक व्हिडिओ टाकला, शीर्षक असं:

"बोअरची मोटर चालू होत नाही? वर न काढता ५ मिनिटांत दुरुस्त!"

थंबनेलवर शेतातला स्टार्टर, हिरवं-लाल बटण आणि माझा बोट दाखवतानाचा फोटो. लोकांनी दणादण क्लिक केलं. एरवी माझ्या व्हिडिओवर शंभर जणांना थंबनेल दिसलं की पाच जण आत येतात, इथे नऊ आले. मी खूश. दोन दिवसांनी स्टुडिओ उघडून आलेख बघितला तर ०:३० ला फक्त ४१ टक्के लोक शिल्लक. माझ्या बाकीच्या व्हिडिओंना तिथे ५८ च्या आसपास असतात.

आता शीर्षकात खोटं काहीच नाही हो. कंडेन्सर बदलला की मोटर खरंच चालू होते, वर काढावी लागत नाही, आणि काम खरंच पाच मिनिटांचं आहे. मग लोक का पळाले? व्हिडिओची लांबी ९:२०.

---

व्हायरल विशारद

सोपं आहे दादा. ०:३० ला ५० टक्क्यांच्या खाली गेलं की शीर्षक क्लिकबेट ठरतं. पण ९ टक्के सीटीआर सोन्यासारखा आहे, त्या शीर्षकाला हात लावू नका. सुरुवातीला तीन सेकंदांचा जबरदस्त हुक टाका, विषय संपला.

---

पोपटराव

माझे पण व्ह्यूज मार्चपासून गळालेत. आधी दिवसाला हजार यायचे, आता दोनशे. यूट्यूबनेच काहीतरी केलंय. उपाय सापडला तर मलाही सांगा.

---

आलेखकाका

पोपटराव, तुमचा प्रश्न वेगळा आहे. तुमच्याकडे लोक यायचेच कमी झालेत. यांच्याकडे लोक येतायत आणि दारातून परत फिरतायत. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

विशारद, ५० हा आकडा कुठल्या पोथीतला? तीन मिनिटांच्या व्हिडिओत अर्धं मिनिट म्हणजे सहावा हिस्सा झाला, चाळीस मिनिटांच्या व्हिडिओत ते काहीच नाही. तुलना करायची ती आपल्याच, साधारण तेवढ्याच लांबीच्या व्हिडिओंशी. स्टुडिओतली करडी पट्टी नेमकं हेच दाखवते. रिवाइंडिंगवाले ४१ ची तुलना स्वतःच्या ५८ शी करतायत, ते बरोबर आहे. १७ टक्क्यांचा फरक खरा आहे.

पण एका आकड्यावरून शीर्षक दोषी की सुरुवात, हे ठरत नाही. ०:३० चा आकडा म्हणजे ताप १०२ आहे एवढं कळणं. मलेरिया की टायफॉइड ते पुढे बघायचं.

रिवाइंडिंगवाले, तीन गोष्टी सांगा:
पहिल्या दीड मिनिटात पडद्यावर काय दिसतं, सेकंदासकट. आलेखावर बोट फिरवून त्या त्या जागी किती टक्के आहेत. आणि त्याच आलेखात नवे प्रेक्षक आणि परतणारे प्रेक्षक वेगळे करून बघता येतात, ते करून बघा.

---

सुगरण वर्धा

मी पदार्थांचे व्हिडिओ करते. माझ्या चकलीच्या भाजणीच्या व्हिडिओतही सुरुवातीलाच दणकून घसरण होती. मी घाबरून शीर्षक तीनदा बदललं, काही फरक नाही. मग लेकीनं दाखवलं की १:५० ला आलेख परत वर चढतो. तिथे मी प्रमाण सांगते. म्हणजे बाया पळून गेल्या नव्हत्या, माझी बडबड ओलांडून थेट डाळ-तांदळाच्या वाट्यांवर पोचल्या होत्या! तुमच्याकडे तसं नाही ना, बघा.

---

आलेखकाका

ताई, हे फार कामाचं. घसरण आणि खड्डा यात हाच फरक. रेघ खाली जाऊन परत वर आली तर लोक आहेत, फक्त मधला भाग त्यांनी उडवला. खाली जाऊन खालीच राहिली तर ते गेले. गेलेला माणूस पुढच्या मिनिटाला परत येत नाही. शीर्षकाचा संशय फक्त दुसऱ्या प्रकारात घ्यायचा.

---

रिवाइंडिंगवाला

काका, बसून सगळं लिहून काढलं.

०:०० ते ०:०९ दुकानाचा लोगो, म्युझिक.
०:०९ ते ०:३८ मागच्या वर्षीचं चित्रण. तिकाटणं उभं केलंय, चेनपुलीवर चार पोरं पाइप ओढतायत. मागून माझा आवाज, मोटर वर काढायला किती खर्च आणि किती ताप होतो ते.
०:३८ ते ०:५५ नमस्कार, सबस्क्राइब वगैरे.
०:५५ ला पेटी उघडतो. १:०४ ला म्हणतो, "ही सिंगल फेजची पेटी आहे".
खरी दुरुस्ती २:४० ला सुरू.

आलेख: ०:१० ला ७९, ०:३० ला ४१, ०:५५ ला ३७, १:१० ला २६. त्यानंतर जवळजवळ सपाट, ३:०० ला २४. परत वर कुठेच चढत नाही, म्हणजे सुगरणताईंसारखं नाही.

नवे-परतणारे वेगळे केले. ०:१० ते ०:३० मध्ये दोघेही पडतात. पण १:१० ची पायरी फक्त नव्यांमध्ये आहे, जुन्यांची रेघ तिथे सरळ जाते.

---

आलेखकाका

मिळालं. तुमच्या व्हिडिओत एक नाही, दोन गळत्या आहेत, आणि कारणं वेगवेगळी.

पहिली, ०:१० ते ०:३०. शीर्षक म्हणतं "वर न काढता". माणूस आत येतो आणि त्याला काय दिसतं? चार पोरं मोटर वर काढतायत. तुम्ही आवाजात सांगताय की हे करू नका, पण अर्ध्या लोकांचा आवाज बारीक असतो, आणि डोळ्यांना कानांपेक्षा आधी कळतं. त्याला वाटलं, "अरे हा पण वरच काढतोय." तुम्ही वचन मोडलं नाही, पण मोडल्यासारखं दिसलं. जुने लोकही तिथे गेले, म्हणजे हा ओळखीचा किंवा विश्वासाचा प्रश्न नाही, दिसतंय त्याचाच आहे.

दुसरी, ०:५५ ते १:१०. इथे ३७ चे २६ झाले. म्हणजे जे उरले होते त्यातले जवळजवळ तीनातले एक गेले, पंधरा सेकंदांत. नेमकं काय घडलं तिथे? पेटी उघडली आणि तुम्ही "सिंगल फेज" म्हणालात. थंबनेलवर शेतातला हिरव्या-लाल बटणांचा स्टार्टर, तो थ्री फेजचा. शेतकऱ्याची मोटर थ्री फेज. त्यात तुमचा कंडेन्सर नसतोच. त्यानं पांढरी घरगुती पेटी बघितली, शब्द ऐकला आणि उठला. तुमच्या जुन्या प्रेक्षकांना तुम्ही काय करता ते माहीत, ते बसले. नवे मात्र थंबनेलच्या भरवशावर आले होते. शीर्षकाची खरी गफलत ती इथे. ०:३० च्या आकड्यात ती दिसलीही नसती.

एक सवय लावून घ्या. घसरण ज्या सेकंदाला दिसते त्याच्या चार-पाच सेकंद आधीचं चित्र आणि वाक्य बघायचं. माणूस आधी ऐकतो, मग ठरवतो, मग अंगठा हलवतो.

---

रिवाइंडिंगवाला

काका... कॉमेंटमध्ये अकरा जणांनी "थ्री फेजचं सांगा" लिहिलंय. मी सगळ्यांना "लवकरच" म्हणून हात जोडलेली इमोजी पाठवली आहे. 🤦

---

खडूस पुणेकर

म्हणजे आलेखाची गरजच नव्हती, कॉमेंट वाचल्या असत्या तरी चाललं असतं. असो.

पण मला वेगळी शंका आहे. डिसेंबर २०२४ मध्ये यूट्यूबने भारतासाठी जाहीर केलं होतं की शीर्षक-थंबनेल एक आणि आत भलतंच असे व्हिडिओ काढून टाकणार. असे शेतकरी फसवणारे थंबनेल त्यात येत नाहीत का?

---

आलेखकाका

तो रोख ठळकपणे दिशाभूल करणाऱ्यांवर, विशेषतः बातम्या आणि चालू घडामोडींवर होता. अमक्यानं राजीनामा दिला असं शीर्षक आणि आत राजीनाम्याचा पत्ता नाही, तसलं. सुरुवातीला स्ट्राइक न देता नुसता व्हिडिओ काढणार असंही म्हटलं होतं. यांच्या व्हिडिओत दुरुस्ती खरी आहे, ती कुणाला लागू पडते एवढंच सांगायचं राहिलं. कायद्याचा धाक नको, इथे पाहुणा उपाशी गेला एवढाच प्रश्न.

---

व्हायरल विशारद

ठीक आहे, ५० च्या आकड्याबद्दल मागे घेतो. पण शीर्षकात "सिंगल फेज" घातलं तर निम्मे लोक क्लिकच करणार नाहीत. सीटीआर पडला की यूट्यूब दाखवणंही कमी करतं. मग फायदा काय?

---

आलेखकाका

क्लिक कमी होणार हे बरोबर. व्हायलाच हवेत. पण क्लिक ही अर्धी बाजू. शीर्षक हजार वेळा दिसल्यावर एकूण किती मिनिटं बघितलं गेलं, तो हिशेब करा. किती जण आले गुणिले सरासरी किती वेळ थांबले. दोन्ही आकडे स्टुडिओत आहेत.

आणि ९ टक्क्यांनी हुरळू नका. यूट्यूबच सांगतं की निम्म्या चॅनेल आणि व्हिडिओंचा हा आकडा २ ते १० च्या मध्ये असतो. पहिले दोन दिवस आपलीच माणसं बघतात म्हणून तो फुगलेला असतो, लांबच्या लोकांना दाखवायला लागले की उतरतो. जुन्या-नव्या शीर्षकाची तुलना करताना हे लक्षात ठेवा.

रिवाइंडिंगवाले, एका वेळी एकच बदल करा. आधी फक्त शीर्षक आणि थंबनेल. व्हिडिओला हात लावू नका. दोन आठवडे थांबा. माझा अंदाज खरा असेल तर १:१० ची पायरी जाईल आणि ०:३० ची घसरण बरीचशी तशीच राहील. उलटं झालं तर मी चुकलो.

---

सुगरण वर्धा

काका, माझी अजून एक गंमत. मागच्या दिवाळीत माझ्या शंकरपाळ्यांच्या व्हिडिओवर अचानक गर्दी झाली आणि सगळे पहिल्या वीस सेकंदांत गेले. शीर्षक तर साधं होतं, "खुसखुशीत शंकरपाळे". नंतर कळलं, कुठल्याशा ग्रुपवर कुणीतरी लिंक फिरवली होती, वर लिहिलेलं, "मैद्याशिवाय शंकरपाळे, शुगरवाल्यांनी जरूर बघा". माझ्या व्हिडिओत अर्धा किलो मैदा! 😄

---

आलेखकाका

हे हमखास होतं, ताई. तिथे वचन दुसऱ्यानंच दिलं होतं. म्हणून शीर्षकाला दोष देण्याआधी लोक कुठून आले ते बघायचं. सविस्तर अहवालात स्रोतानुसार सरासरी पाहण्याचा वेळ दिसतो. बाहेरून आलेल्यांचाच वेळ तोकडा आणि शोधातून, होमवरून आलेल्यांचा नेहमीसारखा, तर शीर्षक निर्दोष. रिवाइंडिंगवाल्यांनी तेही एकदा बघावं.

---

रिवाइंडिंगवाला

बघितलं. बाहेरून फार कमी. होमवरून आलेले सगळ्यात कमी थांबतात, शोधून आलेले त्यांच्यापेक्षा बरे. शोधाच्या शब्दांत "सिंगल फेज मोटर कंडेन्सर" वर आहे. म्हणजे ज्यांना नेमकं हेच हवं होतं ते बसलेत.

शीर्षक बदललं: "सिंगल फेज बोअर मोटर घूं घूं करते पण फिरत नाही? कंडेन्सर असा तपासा". थंबनेलवर पांढरी पेटी, आत फुगलेला कंडेन्सर. दोन आठवड्यांनी येतो.

---

नाशिकचा द्राक्षवाला

मी तुमच्या व्हिडिओवरून उठलेल्यांतलाच एक आहे बहुतेक. 😀 ट्रॅक्टरवर बसून बघत होतो. पाइप ओढताना दिसले आणि म्हटलं हे तर आमच्याकडे दरवर्षी होतं, यात नवीन काय. बाकी थ्री फेजला एक फेज गेला की मोटर अशीच घुमते, त्यावर व्हिडिओ करा.

---

जर्मनीत कोडकर

मला आलेख खाली उतरवून तुलना करायची सवय आहे, म्हणून सांगतो. यूट्यूबच्या ॲनालिटिक्स एपीआयमधून हीच रेघ आकड्यांत मिळते. एका वेळी एकाच व्हिडिओची.

```
ids=channel==MINE
dimensions=elapsedVideoTimeRatio
metrics=audienceWatchRatio
filters=video==VIDEO_ID
```

सोबत `startDate` आणि `endDate` द्यायच्या. शीर्षक बदलण्याआधीची आणि नंतरची अशा दोन वेगळ्या तारखांच्या रेघा काढल्या की एकमेकांवर ठेवून बघता येतात.

एक सावधगिरी: रेघेचे शंभरच तुकडे मिळतात, व्हिडिओ कितीही लांब असो. ९:२० म्हणजे ५६० सेकंद, म्हणून तुमचा एक तुकडा साडेपाच सेकंदांचा. पहिलं अर्धं मिनिट पाच तुकड्यांत बसतं, चालतंय. पण तासाभराच्या व्हिडिओत एक तुकडा ३६ सेकंदांचा, पहिलं अर्धं मिनिट एका ठिपक्यात गडप. तिथे या पद्धतीनं काही कळणार नाही.

आणि आकडा १ च्या वर दिसला तर दचकू नका, लोकांनी तो तुकडा परत परत पाहिलेला असतो.

---

रिवाइंडिंगवाला

मला कोड जमत नाही, पण स्टुडिओतच तारखा निवडून बघितलं. दोन आठवडे झाले.

०:३० ला ४१ चे ४७ झाले. ०:५५ ला ४३. आणि १:१० ला... ४०! पायरी गेली काका. ११ टक्के पडायचे तिथे आता ३.

क्लिक नऊवरून सहावर आले.

---

आलेखकाका

म्हणजे १:१० शीर्षकाचं होतं, आणि पहिली घसरण मुख्यतः त्या तिकाटण्याची. आता दुसरा बदल. स्टुडिओच्या एडिटरमध्ये ट्रिम आहे, पहिली ३८ सेकंदं उडवा. लिंक, व्ह्यूज, कॉमेंट तसेच राहतात. नमस्कारावरून सुरू होऊन सतराव्या सेकंदाला पेटी उघडेल. सबस्क्राइबही उडवलंत तर अजून बरं, पण तुमची मर्जी.

ट्रिमच्या तारखेआधीची रेघ त्यानंतरच्या रेघेत मिसळू देऊ नका. सेकंद सरकलेत, एकत्र वाचलं तर काहीच्या काही दिसेल.

---

खडूस पुणेकर

आधी मूळ फाइल जपून ठेवा. उडवल्यावर पश्चात्ताप झाला तर.

---

रिवाइंडिंगवाला

आहे पेनड्राइव्हवर.

तर, ट्रिम करून तीन आठवडे झाले, शेवटचा हिशेब. ०:३० ला ६६ टक्के. सरासरी पाहण्याचा वेळ आधी २:११ होता, आता ३:४०.

काकांच्या पद्धतीनं: आधी हजार वेळा दिसलं की ९० जण, प्रत्येकी १३१ सेकंद, म्हणजे साधारण १९६ मिनिटं. आता हजाराला ६० जण, प्रत्येकी २२० सेकंद, म्हणजे २२० मिनिटं. क्लिक तिसरा हिस्सा कमी होऊनही बघणं वाढलं.

---

व्हायरल विशारद

पण दादा, दिवसाला एकूण किती वेळा दिसतंय ते सांगा ना. ते वाढलं का?

---

रिवाइंडिंगवाला

नाही. ते कमी झालंय, पहिल्या आठवड्याच्या निम्म्यावर आहे. खोटं कशाला बोलू.

---

व्हायरल विशारद

हेच म्हणत होतो मी.

---

आलेखकाका

पहिल्या आठवड्याशी तुलना करणं बरोबर नाही, नवा व्हिडिओ तेव्हा दाखवतातच. पण तुमचं म्हणणं पूर्ण खोडता येईल असं माझ्याकडेही काही नाही. शिवाय सिंगल फेजवाले मुळातच थोडे, त्यांच्यापुरताच व्हिडिओ दाखवला जात असेल तर आकडा लहान राहणारच. त्यात आता पाऊस लागला. बोअरच्या मोटरची आठवण लोकांना एप्रिल-मेमध्ये येते. ऋतू आणि शीर्षक यांचा परिणाम वेगळा काढायचा तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागेल.

---

नाशिकचा द्राक्षवाला

पाऊस लागलाय खरा. पण इकडे लाइटच नाही, मोटर काय चालवणार.

---

रिवाइंडिंगवाला

थ्री फेजचा व्हिडिओ रविवारी काढतोय. पहिल्याच सेकंदाला स्टार्टरचं झाकण उघडं, लोगो नाही. आणि विचार करतोय की पहिल्या वीस सेकंदांतच सांगून टाकावं, ओव्हरलोड रिले ट्रिप झालाय का ते आधी बघा, निम्म्यांचं काम तिथेच होईल.

---

सुगरण वर्धा

नका हो दादा! मी एकदा भाजणीचं प्रमाण पहिल्याच मिनिटात सांगून बघितलं. वाट्या कळल्या की सगळ्या गेल्या, तळणी बघायला कोणी थांबलंच नाही. ०:३० छान होतं, पुढे सगळं रिकामं.

---

आलेखकाका

ताई, त्या बायांना प्रमाणच हवं होतं ना? मग त्या समाधानानं गेल्या.

---

सुगरण वर्धा

त्यांचं समाधान झालं काका, माझं नाही. 😄 आलेखात ते दोन्ही सारखंच दिसतं, पोट भरून गेलेली आणि रागावून गेलेली.

---

रिवाइंडिंगवाला

म्हणून दोन्ही चित्रित करतो. एकात रिले आधी, एकात नंतर. कुठला टाकायचा ते शनिवारी इथेच विचारीन.